बढतीच्या चार ओळी

अधिपरिचारिकेची परिसेविका झाल्याचा आदेश निघाला, तेव्हा ती बातमी सर्वांना कशी सांगायची यावर मला बराच विचार करावा लागला. आदेशाची प्रत स्टाफच्या ग्रुपवर आधीच फिरत होती. घरच्यांच्या ग्रुपवर मुलीने पेढ्यांचा फोटो टाकला होता. राहिलं होतं ते माझ्या स्वतःच्या शब्दांत सांगणं. स्टेटसला चार ओळी लिहायच्या आणि त्याच दोन्ही ग्रुपवर टाकायच्या, एवढंच काम. पण त्या ओळी वाचणारी माणसं डोळ्यांसमोर आणली की प्रत्येक वाक्य पुन्हा तपासून घ्यावंसं वाटायचं. गावाकडच्या आत्या वाचणार होत्या आणि माझ्याबरोबर रात्रपाळ्या केलेल्या सिस्टरही. आदेशातल्या यादीत जिचं नाव आलं नाही, तीही वाचणार होती.

मुलीने पहिला मसुदा तयार करून दिला. त्यात स्वप्नपूर्ती होती, मेहनतीचं फळ होतं, आणि शेवटी ‘माझ्या संपूर्ण टीमचे आभार’ होते. मुलगी मनापासून लिहिते, तिचा हेतू चांगलाच होता. पण तो मजकूर बँकेत बढती मिळालेल्या माणसालाही चालला असता. माझ्या कामाचा त्यात कुठे वास नव्हता. ज्यांचे आभार मानायचे त्यांना ‘टीम’ म्हटलं की त्यातल्या कुणालाच आपण आठवलो असं वाटत नाही, हे मी निरोपसमारंभांची भाषणं ऐकून शिकले आहे.

माझी बरीचशी नोकरी जिल्हा रुग्णालयाच्या विशेष नवजात शिशु काळजी कक्षात गेली. आम्ही त्याला एसएनसीयू म्हणतो. कमी दिवसांची, कमी वजनाची, जन्मल्यावर न रडलेली, कावीळ चढलेली बाळं तिथे येतात. दीड किलोचं बाळ तळहातापासून कोपरापर्यंत मावतं. त्याच्या अंगावर चरबी फारच कमी असते, त्यामुळे ते स्वतःची ऊब धरून ठेवू शकत नाही. म्हणून त्याला वॉर्मरवर ठेवतात. वर तापणारी कांडी, खाली पाळण्यासारखा उघडा ट्रे, आणि बाळाच्या पोटाला चिकटवलेली एक बारीक वायर, म्हणजे प्रोब. मशीन बेबी मोडवर लावलं की ते त्या प्रोबकडून बाळाच्या कातडीचं तापमान घेतं आणि त्याप्रमाणे उष्णता कमी-जास्त करतं. साधारण ३६.५ अंशांवर ते लावायचं असतं.

ही रचना चांगली आहे, पण तिची एक मर्यादा आहे. मशीनला बाळ दिसत नाही, फक्त प्रोब कळतो. चिकटपट्टी घामाने किंवा तेलाने सुटली आणि प्रोब बाजूला पडला, तर मशीन हवेचं किंवा चादरीचं तापमान वाचत राहतं. बाळ गार पडलंय अशी समजूत करून घेऊन ते आणखी तापतं. प्रोब हवेत लोंबत असेल तर बहुतेक वेळा अलार्म होतो. पण तो कांडीखालच्या चादरीवरच पडला असेल तर चादरही तापलेली असते, आकडा बरा दिसतो आणि अलार्म वाजत नाही. अशा वेळी पडद्यावर सगळं ठीक असतं आणि बाळ मात्र भाजल्यासारखं तापत असतं.

एका दुपारी असंच झालं. कक्ष भरलेला होता, दोन बाळं नुकतीच आत घेतली होती. मी एका बाळाला नळीतून दूध देत होते. सफाईला आलेल्या मावशी ट्रॉलीजवळ थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “सिस्टर, त्या कोपऱ्यातल्या बाळाचं तोंड लालेलाल दिसतंय. आणि ती वायर चादरीवर पडलीय.” मी गेले. पडद्यावर आकडा हिरवा होता. बाळाच्या पोटाला हात लावला, मग तळव्यांना. दोन्ही गरम. काखेतलं तापमान घेतलं तर ते ३८ च्या वर होतं. उष्णता लगेच कमी केली, टोपी काढली, अंगावरचं जाड कापड बाजूला केलं, डॉक्टरांना बोलावलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा तापमान घेतलं, नंतर पुन्हा. ते हळूहळू उतरलं. डॉक्टरांनी जंतुसंसर्गाच्या खुणा शोधून पाहिल्या, कारण नवजात बाळाला ताप असला की तो नुसता उष्णतेचा आहे असं धरून चालत नाही. सुदैवाने तसं काही निघालं नाही.

पोटाला आणि पायांना हात लावून बघण्याची ही पद्धत आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेली होती. हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला लावायची, मग तळपायाला. दोन्ही उबदार आणि कातडी गुलाबी, तर बाळ ठीक. पोट उबदार आणि पाय गार, तर बाळाला थंडी बाधू लागली आहे आणि ते आपली शक्ती ऊब राखण्यात घालवतंय. त्याचं वजन वाढणार नाही. दोन्ही गार, तर धोका. दोन्ही जास्त गरम, तर बाहेरची उष्णता जास्त झाली असण्याचा संशय घ्यायचा. आजाराच्या तापात बऱ्याचदा अंग तापलेलं आणि पाय मात्र गार लागतात. हे सगळं मला माहीत होतं. पण त्या दिवसानंतर फेरीवर निघाले की मी पडद्याकडे बघायच्या आधी बाळाकडे बघू लागले, आणि प्रोब जागेवर आहे याची खात्री केल्याशिवाय कुठलाही आकडा वहीत उतरवेनाशी झाले. पुढे नव्या सिस्टर कक्षात आल्या की पहिल्याच दिवशी मी त्यांना हेच दाखवायचे. माझ्या गोपनीय अहवालात ‘बारकाईने निरीक्षण’ असा शेरा कधी आला असेल, तर त्याची सुरुवात मावशींच्या त्या एका वाक्यापासून होती.

म्हणून स्टेटसमध्ये मावशी आल्याच पाहिजेत असं मी ठरवलं. तरी आधी त्यांना विचारलं. त्या खूश झाल्या, पण लगेच म्हणाल्या, “लिवा की ताई. पण नाव नका घालू, आणि ती वायरची गोष्ट तर नकाच घालू. आमचा सुपरवायझर वाचेल आणि म्हणेल, तू मशीनपाशी काय करत होतीस?” त्या कंत्राटावर आहेत. दर काही महिन्यांनी त्यांचं काम चालू राहणार की नाही हे ठरतं. मला जी गोष्ट कौतुकाची वाटत होती, ती त्यांच्या बाबतीत तक्रारीचं कारण होऊ शकत होती. कुणाचे आभार मानायचे असतील तर त्या आभारांचा त्या माणसावर काय परिणाम होईल, हे त्या माणसालाच विचारावं, हे मला तेव्हा नीट कळलं. मग मी घटना लिहायची नाही, शिकवण लिहायची असं ठरवलं. मशीनच्या आधी बाळाकडे बघायला मावशींनी शिकवलं. एवढंच. कक्षातल्या प्रत्येकाला ते कुणाबद्दल आहे हे कळणार होतं आणि बाहेरच्या कुणालाही त्यावरून काही विचारता येणार नव्हतं.

आता नशिबाचं. यावर माझं आणि मुलीचं चांगलंच वाजलं. ती म्हणाली, “आई, नशीब लिहिलंस तर लोकांना वाटेल तुला फुकट मिळालं. एवढी वर्षं नाइट केल्यास त्या काय नशिबाने?” तिचं म्हणणं चूक नव्हतं. आमच्याकडे बायका स्वतःच्या कामाचं श्रेय इतक्या सहज सोडून देतात, की मुलींना त्याचा राग येतो आणि तो यावाच. पण मला नम्रपणा दाखवायचा नव्हता. जे घडलं ते घडलं तसं सांगायचं होतं.

आमची पदोन्नती कशी होते ते आधी सांगते. ज्येष्ठता यादी असते. नोकरीत कोण आधी लागलं यावर क्रम ठरतो. एकाच भरतीत लागलेल्यांचा क्रम निवड यादीतल्या क्रमांकावर ठरतो, म्हणजे तरुणपणी दिलेल्या एका परीक्षेत एखाद-दोन गुण कमी-जास्त पडले असतील तर त्याचा परिणाम निम्मी नोकरी झाल्यावर दिसतो. मग परिसेविकेच्या जागा किती रिकाम्या आहेत ते बघतात, यादीतल्या वरच्या नावांचे मागल्या काही वर्षांचे गोपनीय अहवाल मागवतात. काही चौकशी चालू नाही ना ते तपासतात. विभागीय पदोन्नती समिती बसते. त्यानंतर आदेश निघतो, आणि बहुधा जागा दुसऱ्या गावी मिळते.

यातला अहवालांचा भाग माझ्या कामाचा. तो मी कमावला, हे म्हणायला मला संकोच नाही. पण यादीत माझं नाव या वेळी पुरेसं वर आलं त्याचं कारण वेगळं होतं. माझ्या वरच्या एका ताईंनी पदोन्नती नाकारली होती. घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, दुसऱ्या गावी रोज जाणं-येणं त्यांना शक्य नव्हतं. नाकारली की पुढची काही वर्षं नाव विचारात येत नाही, हे माहीत असून त्यांनी लिहून दिलं. दुसरी माझ्या तुकडीतली एक मैत्रीण. आम्ही एकाच दिवशी रुजू झालो, एकाच कक्षात राबलो. माझी मुलगी लहानपणी तापाने फणफणली होती, तेव्हा माझ्या सलग रात्रपाळ्या तिने स्वतःवर घेतल्या. निवड यादीत ती माझ्या काही क्रमांक खाली होती. एवढ्याच कारणाने ती अजून अधिपरिचारिका आहे.

ही दोन माणसं डोळ्यांसमोर असताना ‘कष्टाचं चीज झालं’ हे वाक्य माझ्या हातून उतरेना. मग तिच्या कष्टांचं काय झालं, असा प्रश्न त्या वाक्यातच दडलेला होता. दुसऱ्या बाजूला ‘मी काहीच केलं नाही, सगळी देवाची कृपा’ असं लिहिणंही खोटं ठरलं असतं, आणि जिने माझ्याबरोबर काम केलंय तिला ते लगेच खोटं वाटलं असतं. शेवटी मी मुलीला सांगितलं, दोन गोष्टी दोन वेगळ्या वाक्यांत लिहू. काम शिकले ते कुणाकडून, हे एका वाक्यात. बढती याच वेळी का मिळाली, हे दुसऱ्यात. पात्र होते ती कामामुळे, आज मिळाली ती वेळ जुळून आल्यामुळे. असं वेगळं केलं की एकाने दुसऱ्याचं मोल कमी होत नाही. यावर ती काही बोलली नाही, पण तिने मसुद्यातली स्वप्नपूर्ती खोडली.

वरच्या ताईंना मी फोन केला. तुमच्याबद्दल एक ओळ लिहू का, विचारलं. त्या म्हणाल्या, “नको गं. माझ्या घरातलं घरात राहू दे. तू नीट काम कर, तेवढं पुरे.” म्हणून मजकुरात ‘जागा रिकामी झाली’ एवढेच शब्द राहिले.

आणखी एक गोष्ट मी जाणूनबुजून गाळली. किती बाळं वाचवली याचा उल्लेख. अभिनंदन करणारे लोक प्रेमाने तसं म्हणतात, पेढे घेताना भाऊजीही म्हणाले. मला ते स्वतःच्या तोंडून म्हणवत नाही. एक तर बाळ जगतं ते डॉक्टरांच्या उपचारांनी, दर दोन-तीन तासांनी काढून दिलेल्या आईच्या दुधाने, दिवसचे दिवस बाळाला उघड्या छातीशी बांधून बसलेल्या आईच्या उबेने. कांगारू पद्धतीत आई जे करते ते कुठल्याही वॉर्मरला जमत नाही. दुसरं कारण जास्त मोठं आहे. आमच्या कक्षातून काही बाळं घरी जात नाहीत. त्यांच्या आयाही याच जिल्ह्यात राहतात, त्यातल्या काहींकडे माझा नंबर आहे, आणि त्यांना माझं स्टेटस दिसतं. ‘आम्ही शेकडो बाळं वाचवली’ हे वाक्य त्यांनी कसं वाचायचं? जे पालक पेढे घेऊन येतात त्यांना धरून लिहावं तितकंच जे परत कधी आले नाहीत त्यांनाही धरून लिहावं, असं मला वाटतं. त्याच कारणाने कुठल्या बाळाची गोष्ट नको, वजन नको, गाव नको. लहान गावात दोन खुणा सांगितल्या की लोक घर ओळखतात.

फोटोच्या बाबतीतही असंच केलं. कक्षातला गणवेशातला माझा एक चांगला फोटो होता, पण त्यात मागच्या वॉर्मरवरचं बाळ आणि त्याची चिठ्ठी दिसत होती. आदेशाचा फोटो लावावा असं एकीने सुचवलं. आदेशावर बाकीच्यांची नावं असतात, आणि नाव नसलेल्या व्यक्ती ती यादी वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचतात. मी घरच्या ओट्याजवळचा, सासूबाईंबरोबरचा साधा फोटो लावला.

सासूबाईंबद्दल लिहायला मात्र कुणाची परवानगी लागली नाही, त्यांनीच सुचवलं. आमची नाइट रात्री आठ ते सकाळी आठ. घरी येऊन, आंघोळ करून झोपायला दहा वाजायचे, आणि त्याच वेळी घरात सगळे आवाज सुरू व्हायचे. सासूबाईंनी दूधवाल्याला पिशवी कडीला अडकवून जायला सांगितलं होतं, म्हणजे बेल वाजायची नाही. मिक्सर त्या मी उठेपर्यंत लावायच्या नाहीत, वाटण पाट्यावर करायच्या. रात्री मुलीजवळ त्या झोपायच्या. सकाळचा शाळेचा डबा हे भरायचे. नाइट करणाऱ्या बाईच्या घरी हे सगळं कुणीतरी करत असतं, म्हणून ती पहाटे चार वाजता, डोळे मिटत असताना, थेंब मोजून औषध देऊ शकते. चूक होण्याची भीती सगळ्यात जास्त त्याच वेळी असते, आणि दिवसा झोप झालेली असणं हाच त्यावर खरा उपाय आहे.

आत्यांना ‘परिसेविका’ हा शब्द कळणार नव्हता, आणि कक्षातल्या सिस्टरना त्याचा अर्थ सांगण्याची गरज नव्हती. दोघींना चालेल असं एक वाक्य घातलं. शेवटी मजकूर असा झाला:

“मला परिसेविका म्हणून बढती मिळाली आहे. म्हणजे आता एका वॉर्डची जबाबदारी माझ्याकडे असेल: ड्युट्या लावणं, औषधं-सामान मागवणं, नव्या सिस्टरना शिकवणं. जे काम येतं ते कक्षातल्या सिस्टरनी आणि डॉक्टरांनी शिकवलं. मशीनच्या आधी बाळाकडे बघायला आमच्या मावशींनी शिकवलं. माझी मुलगी आजारी असताना माझ्या रात्रपाळ्या एका मैत्रिणीने केल्या. मी दिवसा झोपू शकले ती सासूबाईंमुळे, आणि मुलीचा डबा वेळेवर गेला तो ह्यांच्यामुळे. यादीत माझा क्रमांक आला त्याच वेळी जागा रिकामी झाली, हे माझं नशीब. माझ्याइतकंच काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणी अजून वाट बघत आहेत, त्यांचे आदेश लवकर निघोत. पुढच्या आठवड्यात मी नव्या रुग्णालयात रुजू होते आहे. सगळ्यांना नमस्कार.”

“एवढं लांब कोण वाचेल,” असं मुलगी म्हणालीच. पण ज्यांच्यासाठी होतं त्यांनी वाचलं. आत्यांनी फोन करून विचारलं, की आता रात्री जावं लागणार नाही ना. भाऊजींना ह्यांचा डबा भरण्याचा भाग नवा होता. मैत्रिणीने ग्रुपवर नेहमीचा गुच्छ पाठवला आणि मला वेगळा एक निरोप पाठवला, की रात्रपाळ्यांचं तुला अजून लक्षात आहे हे मला माहीत नव्हतं. मावशींनी त्यांच्या मुलाकडून मजकूर वाचून घेतला.

वरच्या ताईंचा फोन उशिरा आला. त्यांनी पूर्वी काही काळ प्रभारी म्हणून वॉर्डचा चार्ज सांभाळला होता. मजकुराबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत, सरळ कामावर आल्या. चार्ज घेताना सांगतील त्या आकड्यावर सही करू नको, म्हणाल्या. डेड स्टॉकच्या रजिस्टरातली प्रत्येक वस्तू समोर ठेवून मोज. तुटकी असेल तर तुटकी म्हणून लिही, कमी असेल तर किती कमी ते लिही, आणि देणारीची सही घे. इमर्जन्सी ट्रे स्वतः उघड, औषधांच्या तारखा बघ, ऑक्सिजनची सिलिंडरं उघडून बघ, नुसती हलवून नको. ड्युट्या लावताना कुणाच्या घरी लहान मूल आहे, कुणाकडे आजारी माणूस आहे, ते पहिल्याच दिवशी विचारून घे. मी ते सगळं वहीत लिहून घेतलं आहे, आणि रुजू होण्याच्या आदल्या दिवशी त्या माझ्याबरोबर बसून रजिस्टरांचे रकाने समजावून देणार आहेत.